मुलाखतीनंतरचा फॉलो-अप मेल: कोणत्या वारी, किती वाजता पाठवावा

मुलाखत झाली, "कळवतो" म्हणाले आणि मग शांतता. अशा वेळी "मंगळवारी सकाळी दहाला मेल करा" हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. मंगळवार कोणत्या आठवड्यातला, हे आधी ठरावं लागतं. दिलेली मुदत संपण्याआधीच्या मंगळवारी गेलेला मेल उतावळेपणाचा वाटतो. मुदत संपल्यावर तीन आठवड्यांनी आलेल्या मंगळवारी पाठवलात, तर तोवर दुसऱ्या कुणाला ऑफर गेलेली असू शकते. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी तारीख, मग वार, शेवटी तास. इथे पुण्या-मुंबईतल्या खासगी कंपनीत तांत्रिक फेरी आणि मॅनेजरची फेरी झाली आहे आणि एचआरच्या उत्तराची वाट आहे, असं धरलं आहे. सरकारी भरतीला यातलं काही लागू नाही. तिथे निकाल जाहिरातीत दिलेल्या पद्धतीनेच लागतो आणि मेलने तो लवकर येत नाही.

तारीख मुलाखतीतच मागून घ्या

फॉलो-अप केव्हा करायचा याचा निम्मा निर्णय मुलाखतीच्या शेवटच्या दोन मिनिटांत होतो. "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" असं विचारलं की एक प्रश्न यासाठी राखून ठेवा: "पुढचा निर्णय साधारण किती तारखेपर्यंत अपेक्षित आहे, आणि तोवर काही कळलं नाही तर मी कोणाशी संपर्क करू?" यातून तारीख मिळते, नाव मिळतं आणि नंतर विचारण्याची परवानगीही मिळते. पुढे मेलमध्ये "आपण १६ तारखेपर्यंत कळेल असं म्हणाला होतात" हे एक वाक्य लिहिता येतं. मेल आगाऊ वाटेल ही भीती त्या वाक्याने पुष्कळ कमी होते.

उत्तर "आठवडाभरात" असं मिळालं तर त्याचा अर्थ कामाचे पाच दिवस असा घ्या. मुलाखतीचा दिवस मोजू नका. शनिवार-रविवार आणि त्या कंपनीच्या सुट्ट्या वगळा. पाचवा दिवस संपल्यावर आणखी दोन कामाचे दिवस जाऊ द्या. हे दोन दिवस केवळ सौजन्यापोटी सोडायचे नाहीत. मॅनेजरने होकार दिल्यावरही पगाराच्या आकड्याला वरची मंजुरी लागते, आणि ती मिळेपर्यंत एचआरकडे सांगण्यासारखं काही नसतं. त्या मधल्या काळात विचारलंत तर "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच उत्तर येतं आणि तुमचा एक मेल वाया जातो.

"कळवू" एवढंच म्हणाले आणि तारीख दिलीच नाही, तर मुलाखतीनंतरच्या सातव्या कामाच्या दिवसाच्या आसपास पहिला फॉलो-अप धरा. आभाराचा मेल यात मोजायचा नाही. तो त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जातो, चार ओळींचा असतो आणि त्यात निकालाबद्दल काहीच विचारायचं नसतं.

वार: एचआरचा आठवडा कसा जातो

तारीख ठरली की ती ज्या आठवड्यात पडते त्यातला वार निवडायचा. त्यासाठी समोरच्या माणसाच्या टेबलावर त्या दिवशी काय असतं ते माहीत हवं.

सोमवार हा बहुतेक कंपन्यांत नव्या लोकांच्या जॉइनिंगचा दिवस. कागदपत्रं, ओळखपत्रं, लॅपटॉप, आणि जो आलाच नाही त्याला फोन. शिवाय शनिवार-रविवारचे साठलेले मेल आणि आठवड्याच्या सुरुवातीची मीटिंग. सोमवारी सकाळी पोचलेला मेल वाचला गेला तरी "नंतर बघू" म्हणून खाली सरकतो. शुक्रवारी अडचण वेगळी असते. दुपारनंतर मॅनेजर हाताशी नसतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला एचआरला सोमवारच उजाडतो. शनिवारी वॉक-इन ड्राइव्ह असेल तर शुक्रवार त्याच्या तयारीतच जातो.

उरतात मंगळवार, बुधवार, गुरुवार. या तिघांत मंगळवार किंवा बुधवार घ्या, कारण उत्तर मिळवण्यासाठी त्याच आठवड्यात आणखी दोन-तीन दिवस शिल्लक राहतात. एचआरला मॅनेजरला विचारायचं असतं, मॅनेजरला त्याच्या वरच्याला. गुरुवारच्या मेलला ही साखळी पुरी करायला एकच दिवस मिळतो.

या हिशोबाला महाराष्ट्रात एक मोठा अपवाद आहे. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. तिथे शुक्रवार म्हणजे त्यांचा सोमवार आणि बुधवार म्हणजे त्यांचा शुक्रवार. अशा कारखान्यातल्या नोकरीसाठी शनिवार किंवा सोमवार चांगला. रविवारीही ऑफिस चालू असू शकतं. मुलाखतीला जाल तेव्हा गेटवर सिक्युरिटीला विचारा, "इथे सुट्टी कोणत्या वारी असते?" तिथे नीट कळतं. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत आणि कारखाना भोसरीत असेल, तर मेल ज्या माणसाला जाणार त्याची सुट्टी धरायची, कारखान्याची नव्हे.

महिन्याचा शेवटही पाहा. लहान आणि मध्यम कंपन्यांत भरती आणि पगार एकच माणूस बघतो. हजेरी बंद करण्याच्या तारखेपासून पगार होईपर्यंत त्याला मान वर करायला वेळ नसतो. मोठ्या कंपनीत भरतीची टीम वेगळी असते, तिथे ही अडचण फारशी येत नाही. मार्चअखेर मात्र दोन्हीकडे जड जातो. नव्या आर्थिक वर्षाचं बजेट मंजूर व्हायचं असेल तर मंजुरी एप्रिलमध्ये सरकते, आणि ३० मार्चच्या मेलला कोणीही नेमकं उत्तर देऊ शकत नाही.

तास: आधी जुना पत्रव्यवहार बघा

सर्वसाधारण उत्तर सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा हे आहे. ऑफिसला पोचून रात्रीचे मेल उपसून झालेले असतात, त्या दिवशीच्या मुलाखतींना कोण येणार याचे फोन संपत आलेले असतात आणि जेवणाची सुट्टी अजून दूर असते. नऊला पाठवलेला मेल जॉब पोर्टलच्या रात्रभरच्या सूचनांच्या ढिगात सापडतो. दीडला पाठवलेला जेवणाच्या वेळी मोबाइलवर उघडला जातो, 'वाचला' अशी खूण पडते आणि मग विसरला जातो. दुपारी साडेतीन ही दुसरी बरी वेळ.

पण याहून चांगली माहिती तुमच्याच इनबॉक्समध्ये असते आणि ती फारसं कुणी बघत नाही. त्या एचआरने आजवर तुम्हाला पाठवलेले सगळे मेल उघडा: अर्ज मिळाल्याचा, पहिल्या फेरीचा, कागदपत्रं मागणारा, मुलाखतीच्या वेळेचा. प्रत्येकाचा वार आणि वेळ कागदावर लिहा. पोर्टलवरून आपोआप येणारे मेल सोडून द्या, फक्त माणसाने लिहिलेले धरा. चारपैकी तीन संध्याकाळी पाच ते साडेसहामध्ये आले असतील, तर तो माणूस दिवसभर मुलाखतींत असतो आणि मेल संध्याकाळी लिहितो. त्याला सकाळी पावणेअकराला पाठवून उपयोग नाही. संध्याकाळपर्यंत वर तीस मेल चढलेले असतात. साडेचारला पाठवा, म्हणजे तो बसेल तेव्हा तुमचा मेल वरच असेल.

याच नोंदींतून दुसरी एक गोष्टही कळू शकते. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचा होकार दोन्ही वेळा बुधवारी दुपारी आला असेल, तर बहुधा बुधवारी सकाळी किंवा मंगळवारी उशिरा त्यांची उमेदवारांवर चर्चा होते. मग फॉलो-अप मंगळवारी सकाळी जायला हवा, म्हणजे चर्चेला बसताना तुमचं नाव एचआरच्या डोळ्यांसमोर असेल. दोनच नोंदींवरून हा अंदाज आहे, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. पण सरसकट नियमापेक्षा तो त्या माणसाच्या जास्त जवळचा आहे.

मॅनेजर अमेरिकेत असेल तर आणखी एक दिवस जोडा. गुरुवारी रात्री भारतीय वेळेनुसार मुलाखत झाली आणि त्याने शुक्रवारी त्याच्या दुपारी अभिप्राय लिहिला, तर इथे तेव्हा शुक्रवारची रात्र असते. पुण्यातल्या एचआरला तो सोमवारी दिसतो. म्हणून तिथे मंगळवार हाच पहिला अर्थपूर्ण दिवस. मेल थेट अमेरिकेत पाठवायचा असेल तर न्यूयॉर्कमधले सकाळचे दहा म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. आखाती देशांत वारच बदलतात. सौदी अरेबिया, कतार, कुवेत आणि ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, त्यामुळे रविवार हा त्यांचा सोमवार. संयुक्त अरब अमिरातीत २०२२पासून सरकारी कार्यालयांनी शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असा बदल केला, आणि बऱ्याच खासगी कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. दुबईची वेळ आपल्यामागे दीड तास, रियाधची अडीच तास.

एक उदाहरण, तारखांसकट

वार आणि सुट्ट्या एकत्र आल्या की हिशोब कसा फिरतो ते दिवाळीच्या महिन्यात चांगलं दिसतं. ऑक्टोबर २०२५चं कॅलेंडर घेऊ. हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टरच्या जागेसाठी गुरुवारी, ९ ऑक्टोबरला मॅनेजरची फेरी झाली. एचआर म्हणाल्या, "आठवडाभरात कळवते."

आभाराचा मेल ९ तारखेच्या संध्याकाळी गेला. कामाचे पाच दिवस म्हणजे १०, १३, १४, १५ आणि १६ ऑक्टोबर. मुदत गुरुवारी, १६ तारखेला संपते. नेहमीप्रमाणे दोन दिवस सोडले तर १७ आणि २० तारीख जाते आणि मेल मंगळवारी, २१ तारखेला पडतो. वार अगदी आदर्श. पण त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. २२ला पाडवा, २३ला भाऊबीज. कंपनीने अधिकृत सुट्टी दोनच दिवसांची दिली तरी गावी गेलेली माणसं रजा जोडून घेतात, आणि २४चा शुक्रवार धरून बरेच जण थेट सोमवारी, २७ला परततात.

म्हणजे खरे पर्याय दोनच: शुक्रवार १७, नाहीतर दिवाळीनंतर. इथे शुक्रवार टाळण्याचा नियम मोडावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुदत आदल्या दिवशी संपलेली आहे, म्हणून विचारणं अवेळी नाही. दिवाळीआधीचा हा शेवटचा भरवशाचा दिवस आहे. आणि इथे प्रश्न निकालाचा नसून वेळापत्रकाचा असतो: "निर्णय दिवाळीआधी होणार की नंतर?" याचं उत्तर एचआर मॅनेजरला न विचारता, एका ओळीत देऊ शकतात. मेल सकाळी पावणेअकराला जावा. दुपारनंतर ऑफिसात रांगोळी आणि फराळ सुरू होतो.

मजकूर एवढाच पुरे. कंपनीत इंग्रजी चालत असेल तर तो इंग्रजीत लिहा, पण लांबी वाढवू नका:

"नमस्कार मॅडम, ९ ऑक्टोबरला टेस्टर पदासाठी माझी मॅनेजर फेरी झाली. आठवडाभरात कळेल असं आपण सांगितलं होतं, म्हणून विचारते आहे. निर्णय दिवाळीआधी अपेक्षित आहे की नंतर, हे कळलं तर बरं होईल. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. आणखी काही कागदपत्रं हवी असल्यास आज पाठवू शकते. दिवाळीच्या शुभेच्छा."

नोटीस पिरियडचं वाक्य शोभेसाठी नाही. जॉइनिंगची तारीख मागे मोजायला एचआरला तो आकडा लागतोच आणि त्याने मेलला कामाचं कारण मिळतं. हाती दुसरी ऑफर असेल आणि तिची मुदत जवळ आली असेल, तर ते तारखेसह इथेच लिहावं. मग मात्र वाराचा विचार सोडून त्याच दिवशी मेल पाठवायचा. नसलेली ऑफर मात्र कधीच लिहू नये. एचआर ती पाहायला मागतात.

उत्तर आलं नाही, तर दुसरा मेल मंगळवारी, २८ ऑक्टोबरला. सोमवारी २७ला आठवडाभराचे मेल साठलेले असतात, म्हणून तो सोडला. तिसरा आणि शेवटचा सहा कामाच्या दिवसांनी: २९, ३०, ३१, ३, ४ आणि ६ नोव्हेंबर. ५ला गुरुनानक जयंतीची सुट्टी येते, म्हणून ६चा गुरुवार. गुरुवार तसा पहिल्या पसंतीचा नाही. पण शुक्रवारवर ढकलण्यापेक्षा तो बरा, आणि आणखी थांबलात तर सोमवार ओलांडून मंगळवार ११ उजाडतो, तोवर मुलाखतीला महिना उलटून गेलेला असतो.

मेल वेळेवर जावा म्हणून

रात्री लिहा आणि सकाळची वेळ लावून ठेवा. जीमेलमध्ये `Send` शेजारच्या बाणावर क्लिक केलं की `Schedule send` दिसतं, त्यात तारीख आणि वेळ निवडायची. मोबाइल किंवा संगणक बंद असला तरी मेल ठरल्या वेळी जातो. जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये हेच काम `Options` मधल्या `Delay Delivery` ने होतं. पण खातं कंपनीच्या एक्सचेंज सर्व्हरवर नसेल तर तिथे आउटलुक उघडं राहावं लागतं, नाहीतर मेल आउटबॉक्समध्येच पडून राहतो.

नवा मेल न लिहिता मुलाखतीच्या निमंत्रणाच्या मेललाच उत्तर द्या. तुमचं नाव, पद आणि जुना पत्रव्यवहार एकत्र दिसतो, एचआरला शोधावं लागत नाही. यात एक धोका आहे: तुम्ही मेल लावून ठेवल्यावर, तो जायच्या आधी, रात्री एचआरचं उत्तर आलं तरी लावलेला मेल आपोआप थांबत नाही. ऑफर हातात पडल्यावर तासाभराने "काही कळलं का?" असा मेल जातो. म्हणून लावलेल्या वेळेच्या आधी पाच मिनिटं इनबॉक्स बघा. गरज असेल तर `Scheduled` मध्ये जाऊन `Cancel send` करा.

चुकलं हे कसं ओळखाल

लगेच सुट्टीवर असल्याचं स्वयंचलित उत्तर आलं तर ते वाईट नाही, त्यात परतीची तारीख असते. परतल्याच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी पुन्हा लिहा. त्यात दुसऱ्या सहकाऱ्याचं नाव दिलं असेल आणि तुमची बाब तातडीची असेल, तरच त्या सहकाऱ्याला लिहा.

"प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर बहुधा वेळ लवकर साधली गेली. त्यावर एकाच ओळीत विचारा: "पुढच्या बुधवारी पुन्हा विचारलं तर चालेल का?" हो म्हटलं की नवी तारीख मिळाली. हिशोब तिथून पुन्हा सुरू करायचा, जुना आकडा विसरायचा.

दोन्ही मेलना अजिबात उत्तर नाही, असं झालं तर वेळ बदलण्यापेक्षा माध्यम बदला. फोन करायचा तर साडेअकरा ते साडेबारा किंवा चार ते पाच. व्हॉट्सअॅपवर तेव्हाच, जेव्हा त्यांनी आधी तिथे संपर्क केला असेल, आणि तोही ऑफिसच्या वेळेतच. भरती कन्सल्टन्सीमार्फत असेल तर हा सारा हिशोब बाजूला ठेवा. कन्सल्टंटला थेट फोन करा. कंपनीच्या एचआरला परस्पर मेल केलात तर कन्सल्टंट दुखावतो आणि कंपनीतही गोंधळ उडतो.

तिसऱ्या मेलमध्ये प्रश्न ठेवू नका. "आपल्याकडून काही कळलं नाही, म्हणून या जागेसाठी दुसऱ्या कोणाची निवड झाली असावी असं समजते. पुढे योग्य जागा निघाल्यास जरूर कळवा" असं लिहून थांबा. ज्या एचआरकडे खरंच उत्तर यायचं बाकी असतं, ते बहुधा याच मेलला त्याच दिवशी "थांबा, अजून निर्णय व्हायचा आहे" असं कळवतात. दोन दिवसांत तसं काही आलं नाही, तर ती जागा यादीतून काढा आणि चौथा मेल लिहू नका.